गुडघा "लॉक" होतो असं ऑर्थोला लिहायच्या आधी

मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली कुर्चेची गादी, ती फाटल्याचा संशय आला की आपण जीपी लोक चिठ्ठीत लिहितो "दुखतो, लॉक होतो, कृपया पाहावे". असं लिहू नका. पत्र इंग्रजीत जातं ते ठीक आहे, पण आत काय असावं ते सांगतो.

नाव, वय, काम, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हे वर दोन ओळींत.

मग दुखापत. पाय रोवलेला असताना गुडघा पिळला का, आणि सूज कधी आली. दोन तासांत टम्म फुगला तर आत रक्त साचलंय, लिगामेंटची शंका जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगला तर मेनिस्कसकडे कल.

आता "लॉक". पेशंट हा शब्द कशालाही वापरतो. खुर्चीतून उठताना दुखून क्षणभर थांबतो, तेही लॉक, आणि गुडघा सरळच होत नाही, तेही लॉक. मी एकदा फक्त "लॉक होतो" लिहून एका पोराला पाठवला, तो साध्या लायनीत पाच आठवडे थांबला आणि फाटलेला तुकडा सांध्यात चिरडत राहिला, शिवण्यालायक उरला नाही, कापून काढावा लागला. चूक माझ्या चिठ्ठीची होती. तेव्हापासून विचारतो, वाकत नाही की सरळ होत नाही? आपोआप सुटतो की हलवून सोडवावा लागतो? की आत्ताही अडकलेलाच आहे?

आणि मोजतो. पेशंटला पालथं झोपवा, मांड्या टेबलावर, गुडघ्याखालचे पाय काठाबाहेर, आणि दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक टेपने घ्या. एक सेंटीमीटर म्हणजे साधारण एक अंश. नुसत्या दुखण्याने मांडीमागचे स्नायू आखडले तरी पाय सरळ होत नाही, पण तो विश्रांती नि पेनकिलरने बहुतेक सैल पडतो. म्हणून दुखापत ताजी असेल तर काही दिवसांनी परत मोजा, पण चिठ्ठी त्यासाठी अडवू नका.

परवा डिचोलीचा २६ वर्षांचा फुटबॉल खेळणारा आला, त्याचं असं लिहिलं: "३ आठवड्यांपूर्वी पावसात खेळताना बूट चिखलात रुतला, उजवा गुडघा पिळला. सूज दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून सरळ होत नाही, टाच १२ सेंटीमीटर वर, दोनदा मोजली, तेवढीच. आतल्या बाजूला सांध्याच्या रेषेवर दाबल्यावर दुखतं. लॅकमन टेस्ट निगेटिव्ह. बकेट हँडल टेअरची शंका, अडकलेला गुडघा, याच आठवड्यात पाहावे."

ही शेवटची ओळ सगळ्यात वर टाका, ठळक. ओपीडीत पहिली ओळच वाचली जाते.

एक्सरे काढलेला असेल तर जोडा. एमआरआयची तारीख लांबची मिळाली तर अडकलेल्या गुडघ्याला तिच्यासाठी थांबवू नका, पत्र आजच द्या आणि शक्य असेल तर सर्जनला फोनही करा.