तोंडी ऑफर मिळून तीन आठवडे झाले, लेटर अजून नाही: ते कसं मागायचं

एचआरने फोनवर पगार सांगितला, तुम्ही हो म्हणालात, "दोन-तीन दिवसांत लेटर येईल" असं ऐकलंत आणि त्यानंतर सगळं शांत. अशा वेळी मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे "गप्प वाट बघा, मागे लागलं की ऑफर जाते." हा सल्ला चुकीचा आहे. नीट लिहिलेल्या एका मेलमुळे कुणाची ऑफर जात नाही. ती जाते बजेट अडकल्यामुळे, नाहीतर जागाच रद्द झाल्यामुळे, आणि गप्प बसलात तर ते तुम्हाला सगळ्यांत शेवटी कळतं.

लेटर हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. याला अपवाद नाही.

मेल लिहिण्याआधी एकच गोष्ट बघा: तुमच्याकडून गेल्या तीन महिन्यांच्या पेस्लिप, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, पॅनकार्ड वगैरे कागद मागितले होते का? बहुतेक मोठ्या कंपन्यांत हे कागद आल्यावरच पगाराचं फिटमेंट होतं आणि मग ऑफर मंजुरीला जाते. कागदच मागितले नसतील, तर तुमची ऑफर अजून सिस्टीममध्ये चढलेलीच नसण्याची शक्यता मोठी आहे. मग लेटर मागण्याऐवजी आधी "कागद कुठे पाठवू?" हे विचारा.

आता मुख्य मेल. बहुतेक जण इथेच अडखळतात. "सर, एनी अपडेट?" असा व्हॉट्सअॅप मेसेज टाकतात, उलट "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर येतं आणि आठवडाभर दोघंही तिथेच. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळणार. तुमच्या मेलने तीन कामं करायला हवीत: फोनवर ठरलेलं लेखी नोंदवणं, ऑफर कुठे अडकली आहे ते विचारणं, आणि उशिराचा परिणाम तारखेत दाखवणं.

हे एका उदाहरणात बघू. पुण्यातली आयटीची नोकरी, नोटीस पिरियड 60 दिवस. 22 सप्टेंबरला फोनवर 16 लाख सीटीसी ठरला, जॉइनिंग 1 डिसेंबरला. म्हणजे राजीनामा 2 ऑक्टोबरपर्यंत जायला हवा होता. आज 13 ऑक्टोबर आहे आणि लेटर नाही. 1 डिसेंबर केव्हाच हातातून गेलाय, पण एचआरच्या शीटमध्ये अजूनही तीच तारीख असणार. मेल असा जाऊ द्या (ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजीत लिहा, मजकूर हाच ठेवा):

"22 सप्टेंबरला आपलं फोनवर बोलणं झालं. सिनिअर इंजिनिअर पदासाठी 16 लाख सीटीसी, त्यात 10 टक्के व्हेरिएबल, कामाचं ठिकाण पुणे, असं ठरलं आणि मी होकार दिला. यात काही वेगळं असेल तर कृपया कळवा.

ऑफर सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, आणि कुणाची मंजुरी बाकी आहे, हे सांगाल का?

माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे आणि लेटर मिळाल्यावरच मी राजीनामा देऊ शकतो. 17 ऑक्टोबरला लेटर मिळालं तर मी 16 डिसेंबरला जॉइन होऊ शकेन. त्यानंतर जितके दिवस लागतील तितकी जॉइनिंगची तारीख पुढे जाईल."

हा मेल जुन्या मुलाखतीच्या मेलवरच रिप्लाय करून पाठवा, म्हणजे सगळा संदर्भ एका धाग्यात राहतो. पहिल्या परिच्छेदातले आकडे कुणी खोडले नाहीत, तर पुढे लेटरमध्ये वेगळा आकडा आल्यावर बोट ठेवायला तुमच्याकडे जागा राहते. तोंडी करारही कायद्याने होऊ शकतो, पण फोनवर काय ठरलं ते सिद्ध करणं कठीण, आणि पगारदार माणूस त्यासाठी कोर्टाची पायरी चढत नाही. त्यामुळे या मेलचा उपयोग आहे तो आकडा लगेच तपासून घेण्यासाठी.

शेवटचा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा, आणि तिथेच लोक घाबरून शब्द पातळ करतात. त्यात धमकी नाही, साधा हिशोब आहे. ज्या मॅनेजरला माणूस हवाय त्याला "उशीर होतोय" या तक्रारीने फरक पडत नाही, पण "1 डिसेंबरचा माणूस आता 16 डिसेंबरला येणार" हे वाचलं की तो स्वतः मंजुरीच्या मागे लागतो. "दुसरीकडून ऑफर आहे" असं खोटं मात्र लिहू नका. पुढचा प्रश्न "ते लेटर दाखवा" असा येतो आणि मग तुमच्याकडे काहीच नसतं. खरोखर ऑफर असेल तर तिची शेवटची तारीख जरूर लिहा.

उत्तर आलं की ते नीट वाचा. "फायनान्सकडे आहे" किंवा "बिझनेस हेडची सही बाकी आहे" हे चांगलं उत्तर आहे, कारण अडथळ्याला नाव आहे. अशा वेळी चार कामाचे दिवस द्या. "बँडमध्ये बसत नाही" याचा अर्थ ठरलेला पगार त्या ग्रेडच्या मर्यादेबाहेर गेलाय, आणि आकडा कमी करण्याचा फोन येण्याची शक्यता आहे. किती खाली जायचं ते आधीच ठरवून ठेवा. "क्लायंटचं कन्फर्मेशन बाकी आहे" किंवा "पोझिशन होल्डवर आहे" असं आलं, तर आज तरी ऑफर नाही असंच समजा आणि दुसऱ्या मुलाखती सुरू ठेवा.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर "झालंच समजा" हे तिच्या माणसाचं वाक्य धरून चालू नका. त्याचं कमिशन बहुतेक वेळा तुम्ही जॉइन झाल्यावर मिळतं, पण मंजुरी त्याच्या हातात नसते. मेलमध्ये कंपनीच्या एचआरलाही सीसी करा. लेटरसाठी कुणी पैसे मागितले, डिपॉझिट म्हणून का होईना, तर तिथेच थांबा. ती फसवणूक आहे.

मेलला दोन कामाच्या दिवसांत उत्तर नसेल तर सकाळी अकराच्या सुमारास एक फोन करा. फोनवर जे कळेल ते त्याच धाग्यावर दोन ओळींत लिहून पाठवा. तरीही शांतता असेल तर तुमची मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला तोच मेल फॉरवर्ड करा, वर फक्त जॉइनिंगची नवी तारीख लिहा आणि एचआरला सीसीमध्ये ठेवा. एचआरला वगळून मॅनेजरकडे गेलात तर जो माणूस तुमचं लेटर काढणार आहे तोच दुखावतो. यानंतर आणखी पाच कामाचे दिवस गेले की पाठपुरावा बंद करा.

लेटरऐवजी "लेटर ऑफ इंटेंट" आलं तर त्यावर राजीनामा देऊ नका. त्यात बऱ्याचदा पगाराची फोड नसते आणि "अंतिम मंजुरीच्या अधीन" असं एक वाक्य असतं. खऱ्या ऑफर लेटरमध्ये फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळे दिसायला हवेत. 16 लाखांत 10 टक्के व्हेरिएबल ठरलं असेल तर फिक्स्ड 14 लाख 40 हजार यायला हवा. त्यातही कंपनीचा पीएफ आणि बेसिकच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असू शकते, आणि ती रक्कम दर महिन्याला हातात येत नाही. शेवटी जॉइनिंगची तारीख बघा. तिथे अजून 1 डिसेंबर असेल तर ती दुरुस्त करून घ्या आणि मगच स्वीकारल्याचा मेल पाठवा. राजीनामाही त्याच दिवशी द्या, कारण तुमचे 60 दिवस तिथूनच मोजले जाणार आहेत.