खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि उजळणी तक्ता : या चुका टाळा

दहावीच्या सराव परीक्षा जवळ आल्या की आमच्या नौपाड्यातल्या वर्गात रंगीत उजळणी तक्त्यांची लाट येते. संयुगाचे नाव, रेणुसूत्र, गुणधर्म, उपयोग आणि ‘परीक्षेत फसवणारे मुद्दे’ असे पाच रकाने असतात, कडेला लाल-हिरव्या पेनाची आरास असते, आणि बहुतेक वेळा तो तक्ता वर्गातल्या कोणा एकाने केलेला असून बाकीच्यांनी मोबाइलवर आलेल्या फोटोवरून उतरवलेला असतो. तक्ता करण्याला माझा विरोध नाही. मात्र त्यात दरवर्षी त्याच चुका, त्याच रकान्यांत सापडतात, आणि त्यांतली सर्वांत महाग पडणारी चूक गुणधर्मांच्या रकान्यात असते.

त्या रकान्यात खाण्याच्या सोड्यापुढे ‘पांढरी पूड, पाण्यात विरघळते, आम्लाशी अभिक्रिया होऊन CO₂ मिळतो’ असे लिहिलेले असते, आणि त्याखालच्या ओळीत धुण्याच्या सोड्यापुढेही जवळजवळ तेच. यातले एकही विधान चुकीचे नाही, पण दोन्ही ओळी पाठ करूनही या दोन पदार्थांत फरक कसा करायचा हे कळत नाही, आणि परीक्षेत विचारले जाते ते नेमके तेवढेच. शेजारच्या ओळीतल्या पदार्थालाही लागू पडणारा गुणधर्म मी तक्त्यात ठेवू देत नाही.

एका सराव परीक्षेत प्रश्न होता : दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या आहेत, एकीत खाण्याचा सोडा आणि दुसरीत निर्जल धुण्याचा सोडा आहे, तर ते कसे ओळखाल? एका हुशार विद्यार्थिनीने उत्तर लिहिले की विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे, वायू येईल तो खाण्याचा सोडा. गुण मिळाले नाहीत म्हणून ती लॅमिनेशन केलेला तक्ता घेऊन माझ्याशी वाद घालायला आली. “सर, तक्त्यात तर असंच आहे,” एवढाच तिचा मुद्दा होता. मी जांभळी नाक्यावरच्या किराणा दुकानातून दोन्ही सोडे मागवले आणि प्रयोग तिलाच करायला लावला.

आम्ल टाकताच दोन्ही परीक्षानळ्यांत फसफसून वायू आला आणि दोन्हींतल्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ झाली, म्हणजे तिचे उत्तर तिथेच निकालात निघाले. मग तिने दोन्ही पुडी कोरड्या नळ्यांत घेऊन तापवल्या. खाण्याच्या सोड्याच्या नळीत तोंडाशी पाण्याचे थेंब जमले आणि थोड्याच वेळात निवळी दुधाळ झाली, कारण तिथे 2NaHCO₃ → Na₂CO₃ + H₂O + CO₂ हे विघटन होते. धुण्याच्या सोड्याच्या नळीत किंचित ओल दिसली, पण कितीही तापवले तरी निवळी स्वच्छच राहिली. सोडिअम कार्बोनेट स्पिरिटच्या दिव्यावर विघटित होत नाही.

तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता : तक्त्यात रेणुसूत्र Na₂CO₃·10H₂O आहे, मग दहा रेणूंचे पाणी गेले कुठे? ते पाणी स्फटिकांत असते. दुकानात सुटी मिळणारी पूड बहुधा निर्जल किंवा बरेचसे पाणी गेलेली असते, तर खरे पारदर्शक स्फटिक कोरड्या हवेत उघडे ठेवले की पाणी सोडून पांढरे आणि भुसभुशीत होतात. म्हणून रेणुसूत्राच्या रकान्यात ‘स्फटिक’ आणि ‘निर्जल’ अशी दोन्ही सूत्रे वेगवेगळी लिहावीत.

हा फरक आकड्यांतून सर्वांत स्वच्छ दिसतो. खाण्याचा सोडा १.६८ ग्रॅम घेऊन पूर्ण तापवला तर १.०६ ग्रॅम सोडिअम कार्बोनेट उरते आणि ०.४४ ग्रॅम CO₂ व ०.१८ ग्रॅम पाणी निघून जाते. धुण्याच्या सोड्याचे स्फटिक २.८६ ग्रॅम घेतले तरीही उरते ते १.०६ ग्रॅमच, आणि गेलेले १.८० ग्रॅम हे सगळे पाणीच असते. म्हणजे नळीत उरलेली पूड दोन्हीकडे एकच असते, स्फटिक घेतले असतील तर पाण्याचे थेंबही दोन्हीकडे दिसतात, आणि निर्णय करते ती फक्त चुन्याची निवळी. ‘तापवल्यावर थेंब दिसले, म्हणून खाण्याचा सोडा’ हे उत्तर दिसायला बरोबर वाटते, पण स्फटिकांच्या बाबतीत ते साफ चुकते.

या दोन ओळी मी तक्त्यात अशा लिहून घेतो :

| पदार्थ | रेणुसूत्र | वेगळेपणा दाखवणारा गुणधर्म | उपयोग | फसवणारा मुद्दा |
|---|---|---|---|---|
| खाण्याचा सोडा | NaHCO₃ | तापवल्यावर CO₂ देतो | केक फुगवणे, आम्लपित्त | आम्लाची परीक्षा इथे फरक दाखवत नाही |
| धुण्याचा सोडा | स्फटिक Na₂CO₃·10H₂O, निर्जल Na₂CO₃ | तापवल्यावर फक्त पाणी जाते, CO₂ नाही | दुष्फेन पाणी सुफेन करणे | थेंब दिसले म्हणून खाण्याचा सोडा ठरत नाही |

निवळीबाबत उतावळेपणा नको. ती ताजी आणि गाळलेली असावी, कारण बाटलीत उघडी राहिलेली निवळी हवेतल्या CO₂ मुळे आधीच वरून साय धरते. वायू फार वेळ सोडत राहिल्यास दुधाळपणा नाहीसा होतो, कारण अविद्राव्य CaCO₃ चे विद्राव्य Ca(HCO₃)₂ होते. ‘शेवटी निवळी स्वच्छ होती, म्हणून CO₂ नव्हता’ असे लिहिणारे महाभाग दरवर्षी भेटतात. नळी तापवताना तोंडाकडे किंचित उतरती धरावी, म्हणजे थेंब मागे जाऊन तापलेली काच तडकत नाही, आणि दिवा बाजूला करण्याआधी वायुवाहक नळी निवळीतून बाहेर काढावी, नाहीतर गार होणारी नळी निवळी आत ओढून घेते. हे टप्पे प्रयोगवहीत लिहिलेले असतात, पण घाई असलेली मुले निष्कर्षाच्या ओळीवर थेट उडी मारतात.

बाकीच्या चुकांना एवढी जागा देण्याची गरज नाही. बेकिंग पावडर म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे. तिच्यात सोड्याबरोबर टार्टारिक आम्लासारखे घन आम्ल असते, म्हणून केकमध्ये सोडिअम कार्बोनेटचा कडवटपणा उरत नाही. विरंजक चूर्णाच्या CaOCl₂ मधला ऑक्सिजन गाळू नये, नाहीतर ते कॅल्शिअम क्लोराइडचे CaCl₂ होते. कोबाल्ट Co आहे आणि कार्बन मोनॉक्साइड CO आहे. दुसरे अक्षर लहान लिहिणे ही सजावट नव्हे.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ओळीत ‘पाणी उडून गेल्याने कडक होते’ असे वाचले की मी ती ओळ पुन्हा लिहायला लावतो. तिथे घडते ते नेमके उलट : CaSO₄·½H₂O पाणी घेते आणि त्याचे जिप्सम, म्हणजे CaSO₄·2H₂O, होते. त्यामुळे ते हवाबंद डब्यात का ठेवतात, या प्रश्नाचे उत्तर ‘वाळू नये म्हणून’ असे नसून ‘हवेतला ओलावा घेऊन डब्यातच घट्ट होऊ नये म्हणून’ असे आहे, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात नीट बंद न केलेली पिशवी कपाटात ठेवून पाहिल्यास ते पाठ करावे लागत नाही.