तंबाखूचा अर्क फवारताना होणाऱ्या चुका टाळा

जास्वंदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला की नागपुरातील निम्म्या गच्च्यांवर तंबाखू भिजत पडतो. (ज्याला आम्ही खर्रा म्हणतो त्याला पश्चिम महाराष्ट्रात मावा म्हणतात, म्हणजे माव्यावर माव्याचाच उतारा.) हा अर्क लागू पडतो, याबद्दल माझा वाद नाही. कीड ज्या विषाने मरते तेच विष आपल्या मज्जातंतूंवरही काम करते, एवढेच लोक विसरतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 'नैसर्गिक आहे' म्हणून उघड्या हातांनी फवारणे. ही चूक मी स्वतः केली आहे. एका मे महिन्यात १०० ग्रॅम तंबाखू लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवला, गाळला आणि पानांना चिकटावा म्हणून त्यात धुण्याच्या साबणाचा कीस घातला. पंपाचे झाकण गळत होते. उजवी बाही आणि कमरेजवळचा सदरा भिजला, पण एवढ्यासाठी कोण खाली उतरतो म्हणून मी तासभर तसाच फवारत राहिलो. संध्याकाळपर्यंत काही झाले नाही. रात्री नऊच्या सुमारास मळमळ, गार घाम, तोंडात सुटणारी लाळ आणि हातांना कंप सुरू झाला. घरच्यांना वाटले ऊन लागले, म्हणून पन्हे पाजले. ते लगेच उलटले. डॉक्टरांनी आधी विचारले, "अंगात दुपारचाच सदरा आहे का?" तो होताच. विष तोवर कातडीतून आत झिरपत होते.

तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांनाही असाच त्रास होतो आणि तोही अनेकदा काही तासांनी, त्यामुळे त्या कामाशी किंवा फवारणीशी त्याचा संबंध सहसा कोणी जोडत नाही. माझ्या बाबतीत साबणाने भर घातली. साबण आणि चुना अल्कधर्मी असल्याने निकोटिन मुक्त रूपात येते आणि ते कातडीतून अधिक वेगाने शिरते. उरलेला खर्रा भिजवणाऱ्यांच्या अर्कात तर चुना आधीच असतो. उन्हाच्या त्रासातही घाम आणि मळमळ असते, परंतु लाळ सुटणे, चेहरा पांढरा पडणे आणि स्नायू फडफडणे दिसले तर आधी कपडे उतरवावेत, भरपूर गार पाण्याने अंग धुवावे आणि रुग्णालय गाठावे. अर्क पोटात गेला असेल तर बोटे घालून उलटी करवू नये.

दुसरी चूक साठवणीची. तंबाखूत दोन टक्के निकोटिन धरले आणि त्यातले निम्मेच पाण्यात उतरले, तरी माझ्या त्या एका लिटरमध्ये सुमारे एक ग्रॅम निकोटिन होते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका घोटात ३० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या अंगात साधारण एक मिलिग्रॅम जाते. असा चहाच्या रंगाचा अर्क शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्याला मी आळशी म्हणणार नाही, बेफिकीर म्हणेन. गाळलेला चोथा कुंडीत टाकू नये, कारण कुत्री तो हुंगतात आणि खातातही. कुत्र्याला लाळ, उलट्या, अस्वस्थता किंवा झटके दिसले तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

टोमॅटो, मिरची आणि वांग्यावर हा अर्क नकोच. तंबाखूतील मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो आणि याच कुळातील झाडांना लागतो. पालेभाजीवर तर फवारूच नये.

मी आता काय करतो? सकाळी पाइपच्या जोरदार धारेने माव्याचे थवे पानांच्या खालच्या बाजूने उडवतो आणि हे सलग चार-पाच दिवस करतो. पहिल्याच दिवशी "काही फरक नाही" म्हणून तंबाखूकडे वळणाऱ्यांना बागकामापेक्षा मॅगी बरी. पिठ्या ढेकणाचे पुंजके जुन्या दातघासणीने खरवडतो. त्यानंतरही कीड उरली तर ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळतो, त्यात थोडा सौम्य साबण मिसळतो आणि ऊन उतरल्यावर फवारतो, कारण नागपूरच्या मे महिन्यात दुपारी साबणाचे पाणी फवारले तरी पाने करपतात. निंबोळ्या जून-जुलैत कडुनिंबाखाली फुकट पडलेल्या असतात. त्या सावलीत वाळवून ठेवाव्यात. हा अर्क कीड तत्काळ मारत नाही, तिचे खाणे आणि वाढ रोखतो, म्हणून आठवड्याने तो पुन्हा फवारावा लागतो.

आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसत असेल तर आधी ती तोडावी. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात.