रिव्ह्यू खरे की विकतचे? आधी तारखा बघा

ऑनलाइन खरेदीच्या साइटवर वस्तूच्या पानावर वर दिसणारे रिव्ह्यू बहुतेक वेळा तारखेनुसार लावलेले नसतात, त्यामुळे ते कधी आले हे लक्षातच येत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे क्रम बदलून ‘सर्वात नवे आधी’ करायचा आणि मजकूर न वाचता नुसत्या तारखा बघत खाली जायचं.

मी इअरफोन घ्यायला निघाले होते तेव्हाचं सांगते. सरासरी ४.४ स्टार होते. तारखा बघितल्या तर आधीचे दोन महिने जेमतेम पाच-सहा रिव्ह्यू, मग चार दिवसांत चाळीसेक, जवळपास सगळे पाच स्टारचे. त्यानंतर पुन्हा तुरळक, आणि त्यात ‘महिन्याभरात डावी बाजू बंद पडली’ अशा तक्रारी. मी ते घेतले नाहीत.

अशी लाट दिसली की लगेच खोटं ठरवू नका. सेल लागला की विक्री वाढते आणि काही दिवसांनी रिव्ह्यूही वाढतात. पण खऱ्या गिऱ्हाइकांच्या लाटेत दोन-तीन स्टारवालेही असतात. म्हणून लाटेच्या आधीचे आणि नंतरचे दहा-दहा रिव्ह्यू वाचा. दोन्हीकडे तीच तक्रार असेल आणि मधल्या चार दिवसांत कुणालाच ती जाणवली नसेल, तर ते चार दिवस हिशेबातून काढून टाका.

आता अगदी तळाशी, सर्वात जुन्या रिव्ह्यूंकडे जा. त्या इअरफोनखाली मला ‘केस लवकर वाळतात’ असं वाक्य सापडलं आणि सोबत हेअर ड्रायरचा फोटो! काही विक्रेते जुन्या वस्तूच्या पानावरच नाव आणि फोटो बदलून नवी वस्तू विकायला ठेवतात, म्हणजे जुने स्टार आयते मिळतात. ते रिव्ह्यू खऱ्या माणसांनीच लिहिलेले असतात, फक्त दुसऱ्याच वस्तूबद्दल.

‘व्हेरिफाइड’ शिक्क्यावर मात्र फार विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच, की ऑर्डर त्या साइटवरून झाली. पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेणारे लोकांना वस्तू रीतसर विकत घ्यायला लावतात आणि पाच स्टार दिल्यावर रक्कम साइटबाहेर परत करतात, त्यामुळे शिक्का तसाच राहतो. याचा पुरावा कधीकधी कमी स्टारच्या रिव्ह्यूंमध्ये सापडतो: ‘डब्यात चिठ्ठी होती, पाच स्टार द्या, पैसे परत घ्या’. असं एक वाक्य जरी दिसलं तरी मी ते पान बंद करते.

शंका उरलीच, तर लाटेतल्या तिघा-चौघांच्या नावावर क्लिक करून त्यांचे इतर रिव्ह्यू बघा. त्याच आठवड्यात, अनोळखी ब्रँडच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तूंना सगळीकडे पाच स्टार, आणि हे एकाहून अधिक जणांच्या बाबतीत दिसलं, तर संशय पक्का समजा. प्रोफाइल लपवलेलं असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका, प्रामाणिक माणसंही ते लपवतात.