भारतातली पेन्शन, अमेरिकेतलं वास्तव्य: ग्रीन कार्डावर मुलांकडे राहणाऱ्यांची टॅक्सची तयारी

सगळ्यात आधी पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, समोर घ्या आणि पेन्शन कोण देतं ते वाचा. केंद्र सरकार, राज्य सरकार, जिल्हा परिषद किंवा महापालिका, की एखादी कंपनी किंवा बँक? पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं. भारत आणि अमेरिकेतल्या दुहेरी करटाळणी करारात पेन्शनचे दोन वेगळे रस्ते आहेत. सरकारी सेवेची पेन्शन अनुच्छेद १९ मध्ये येते आणि तिच्यावर टॅक्स लावायचा हक्क भारताचा. बाकी नोकरीची पेन्शन अनुच्छेद २० मध्ये येते आणि तिच्यावर फक्त राहत्या देशाचा, म्हणजे अमेरिकेचा हक्क. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले पुष्कळजण स्वतःला सरकारी धरतात. पण बँकिंग हा व्यवसाय आहे, आणि सरकारी मालकीच्या व्यवसायातल्या नोकरीची पेन्शन अनुच्छेद १९ मधून वगळलेली आहे. ती अनुच्छेद २० मध्येच जाते.

आता पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड बघा. अमेरिका ग्रीन कार्डधारकाच्या जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स लावते. सरकारी पेन्शनला करारात दिलेलं संरक्षण तिथे स्थलांतरित म्हणून राहणाऱ्याला लागू होत नाही. म्हणून सरकारी पेन्शनर ग्रीन कार्डावर असेल तर दोन्ही देश टॅक्स मागतात आणि सुटका क्रेडिटमधून होते, म्हणजे भारतात भरलेला टॅक्स अमेरिकेच्या टॅक्समधून वजा करून. त्याच माणसाने पुढे अमेरिकन नागरिकत्व घेतलं की चित्र उलटतं: तो तिथला रहिवासीही आणि नागरिकही, त्यामुळे सरकारी पेन्शनवरही फक्त अमेरिकेचा हक्क उरतो. शपथ घेतली त्या वर्षीच्या कागदपत्रांत हा बदल दिसलाच पाहिजे. तो बहुतेकांकडून राहून जातो.

भारतातलं काम बँकेपासून सुरू करा. परदेशी स्थायिक झाल्यावर पेन्शनचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं खातं, करून घ्यावं लागतं. ते केलं नाही, तर बँक तुम्हाला निवासी समजून टीडीएस काढते, आणि इथे खरी फसगत होते. महिना ७५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९ लाख पेन्शन धरा. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर ८,२५,००० उरतात. त्यावर स्लॅबने २२,५०० आणि ४ टक्के सेस धरून २३,४०० रुपये टॅक्स होतो. निवासी माणसाला यावर पूर्ण सवलत मिळते आणि टॅक्स शून्य होतो. ही सवलत अनिवासीला नाही. बँकेने शून्य कापलं म्हणून गप्प बसलात तर जुलैत विवरणपत्र भरताना २३,४०० आणि वर व्याज द्यावं लागतं. ज्येष्ठांना आगाऊ करातून मिळणारी सूटही फक्त निवासींसाठी आहे. विवरणपत्र आयटीआर-२ भरा. आयटीआर-१ अनिवासींना चालत नाही.

देश सोडण्याच्या वर्षाचे दिवसही मोजून ठेवा. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला त्या वर्षी १८२ दिवसांची मुभा असते, मुलांकडे राहायला जाणाऱ्या निवृत्ताला नसते. आधीच्या चार वर्षांत भारतात ३६५ दिवस झालेले असतील, तर जूनमध्ये विमानात बसलेला माणूसही ६० दिवस भरल्यामुळे त्या पूर्ण वर्षासाठी निवासीच ठरतो.

आता अमेरिकेची बाजू, याच सरकारी पेन्शनरच्या आकड्यांनी. डॉलरला ८५ रुपये धरले तर ९ लाख म्हणजे सुमारे १०,५८८ डॉलर आणि भारतात भरलेला टॅक्स सुमारे २७५ डॉलर. हिशेब सोपा राहावा म्हणून वर्षभर एकच दर धरला आहे. एकट्या, ६५ पूर्ण झालेल्या माणसाला २०२५ साठी १७,७५० डॉलरची प्रमाणित वजावट आहे. दुसरं उत्पन्न नसेल, तर अमेरिकेचा टॅक्स शून्य. दुहेरी टॅक्स मुळात झालाच नाही, भारताचा तेवढा अंतिम राहिला.

त्याने अर्धवेळ काम करून २५,००० डॉलर कमावले, तर एकूण ३५,५८८ होतात. १७,७५० आणि ज्येष्ठांची जादा ६,००० ची वजावट गेल्यावर ११,८३८ उरतात आणि १० टक्क्यांनी सुमारे १,१८४ डॉलर टॅक्स बसतो. एकूण उत्पन्नात पेन्शनचा हिस्सा ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणून क्रेडिटची कमाल मर्यादा सुमारे ३५२ डॉलर. भरलेले २७५ त्यात बसतात, पूर्ण वजा होतात आणि ९०९ भरायचे राहतात. मर्यादेपेक्षा जास्त भरलं असेल, तर उरलेलं क्रेडिट एक वर्ष मागे आणि दहा वर्षं पुढे नेता येतं.

हे सगळं फॉर्म १११६ वर होतं आणि पेन्शन ‘जनरल’ वर्गात जाते. ठेवींचं व्याज ‘पॅसिव्ह’ वर्गात, म्हणजे दुसऱ्या फॉर्म १११६ वर. अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर चालतं, त्यामुळे जानेवारी-मार्चचा टीडीएस एका भारतीय आर्थिक वर्षातून आणि एप्रिल-डिसेंबरचा दुसऱ्यातून घ्यावा लागतो. फॉर्म १६ चा वार्षिक आकडा सरळ उचलू नका. बँकेकडून महिनावार टीडीएस मागवा, २६एएसशी जुळवा आणि तारखेनुसार विनिमय दर लिहून ठेवा.

कंपनीच्या किंवा बँकेच्या पेन्शनला हा रस्ता लागूच नाही, आणि सर्वांत महाग चूक इथे होते. करारानुसार भारताला हक्क नसताना भारतात टॅक्स कापला गेला, तर तो सक्तीचा टॅक्स नव्हता म्हणून अमेरिका त्याचं क्रेडिट देत नाही. ते पैसे भारतातूनच परत मागायचे. त्यासाठी अमेरिकेच्या कर खात्याला फॉर्म ८८०२ आणि ८५ डॉलर फी पाठवून फॉर्म ६१६६, म्हणजे रहिवासाचा दाखला मिळवा. अर्ज गरजेच्या निदान ४५ दिवस आधी जायला हवा. हा दाखला आणि कराराच्या लाभासाठी आयकर पोर्टलवर भरलेला फॉर्म १०एफ पेन्शन देणाऱ्याला द्या. तरीही टीडीएस कापला तर आयटीआर-२ मध्ये कराराचा लाभ मागून परतावा घ्या. दाखल्यासाठी अमेरिकेचं विवरणपत्र भरलेलं असावं लागतं. म्हणून टॅक्स शून्य असला तरी ते भरत राहणं शहाणपणाचं. एनआरओच्या व्याजालाही हाच नियम: कापतात ३० टक्क्यांनी आणि वर सेस, पण कराराची मर्यादा १५ टक्के, आणि क्रेडिट तेवढ्याचंच.

दोन गोष्टी मुलांनी बघायच्या. पालकांना आपल्या विवरणपत्रात अवलंबित दाखवायचं असेल, तर २०२५ साठी त्यांचं स्वतःचं करपात्र उत्पन्न ५,२०० डॉलरपेक्षा कमी हवं. वरच्या उदाहरणातले वडील त्यात बसत नाहीत. आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकेचा फॉर्म, भरावाच लागतो, टॅक्स असो वा नसो. त्याची मुदत १५ एप्रिल, आणि आपोआप मिळणारी वाढीव मुदत १५ ऑक्टोबर.

राज्याचा टॅक्स वेगळा तपासा. कॅलिफोर्निया केंद्राचे करार मानत नाही आणि परदेशी टॅक्सचं क्रेडिटही देत नाही, त्यामुळे तिथे राहणाऱ्याने पेन्शन राज्याच्या हिशेबात पूर्ण धरायची.