कलम १८५ तपासताना आधी बँकेचं सँक्शन लेटर मागा

आर्टिकलशिपला किंवा सीएस ट्रेनिंगला येणारी मुलं कंपनी कायद्याचं कलम १८५ ‘संचालकाला कर्ज देता येत नाही’ एवढंच लक्षात ठेवून येतात. मग ऑडिटला बसली की टॅलीमध्ये संचालकाचं लेजर उघडतात, नावे बाकी दिसली तर प्रश्न काढतात आणि नाही दिसली तर वर्किंग पेपरवर ‘लागू नाही’ असं लिहून पुढे जातात. छोट्या, घरच्या प्रायव्हेट कंपन्यांची कामं मी बरीच वर्षं करतो आहे. माझं स्पष्ट मत आहे की लेजर ही या कलमाची दुसरी जागा आहे. पहिली जागा म्हणजे बँकेची फाईल.

कारण कलमात कर्जाबरोबर आणखी दोन गोष्टी आहेत. दुसऱ्याने घेतलेल्या कर्जाला कंपनीने दिलेली हमी आणि दुसऱ्याच्या कर्जासाठी कंपनीने दिलेलं तारण. या दोन्हींत कंपनीच्या खात्यातून एक रुपयाही जात नाही, त्यामुळे एंट्रीच होत नाही. संचालकालाही आपण काही दिलं असं वाटत नाही. ‘अहो, फक्त सही केली,’ असं तो सांगतो आणि मनापासून सांगतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोपे केले आहेत, पण मांडणी खरी आहे. एमआयडीसीतली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, दोघे भाऊ संचालक. भरणा झालेलं भागभांडवल ५० लाख. थोरल्या भावाच्या सुनेची मैत्रिणीबरोबर भागीदारी फर्म आहे. फर्मला बँकेकडून ७५ लाख हवे होते. बँकेने अट घातली की कंपनीची कॉर्पोरेट गॅरंटी द्या आणि कंपनीच्या गाळ्याचं गहाणखत करा. सँक्शन लेटरच्या, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्राच्या, दुसऱ्या पानावर ‘कोलॅटरल सिक्युरिटी’ या मथळ्याखाली हे दोन ओळींत लिहिलेलं होतं.

पहिला प्रश्न असा, की सून ‘नातेवाईक’ आहे का? इथे घरातलं नातं चालत नाही, नियमातली यादी चालते. नवरा-बायको, हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य, आई-वडील, मुलगा, मुलाची बायको, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. सावत्र आई-वडील, मुलगा आणि भावंडंही त्यात येतात. सून यादीत आहे. मेहुणा, सासरे, भावजय, पुतण्या नाहीत. पण म्हणून मेहुण्याच्या नावाने पैसे काढून संचालकाकडे फिरवले तर सुटका नाही, कारण कलमात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ हे शब्द आहेत.

सून भागीदार आहे म्हणजे फर्म सरळ पोटकलम १ मध्ये गेली. हे पोटकलम संपूर्ण बंदीचं आहे. त्यात संचालक स्वतः, होल्डिंग कंपनीचा संचालक, त्यांचे भागीदार आणि नातेवाईक, आणि यांपैकी संचालक किंवा नातेवाईक जिथे भागीदार आहेत अशी फर्म येते. नवीन मुलं इथे हटकून सुचवतात की विशेष ठराव करून घेऊ. विशेष ठरावाची वाट पोटकलम २ मध्ये आहे, आणि ती वेगळ्या लोकांसाठी आहे. आपला संचालक जिथे संचालक किंवा सभासद आहे अशी प्रायव्हेट कंपनी, जिथे आपल्या संचालकांच्या हातात २५ टक्के किंवा जास्त मतं आहेत अशी संस्था, किंवा जिचं संचालक मंडळ आपल्या मंडळाच्या सांगण्यावर चालतं अशी संस्था. तिथे विशेष ठराव करा, सूचनेसोबतच्या निवेदनात रक्कम आणि हेतू उघड करा, आणि पैसा घेणाऱ्या कंपनीच्या मुख्य व्यवसायातच वापरला गेला पाहिजे. फर्मला ही वाट नाही. शंभर टक्के भागधारकांनी हात वर केले तरी नाही.

मग उरते ती ५ जून २०१५ ची प्रायव्हेट कंपन्यांसाठीची सूट. तिच्या तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. कंपनीच्या भांडवलात दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा किंवा कॉर्पोरेट संस्थेचा पैसा नसावा. बँका, वित्तसंस्था किंवा कोणतीही कॉर्पोरेट संस्था यांच्याकडून घेतलेलं कर्ज भरणा भांडवलाच्या दुपटीपेक्षा किंवा ५० कोटींपेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा, कमी असावं. आणि व्यवहाराच्या वेळी त्या कर्जाची परतफेड थकलेली नसावी. २०१७ पासून यात भर पडली की ताळेबंद आणि वार्षिक विवरण रजिस्ट्रारकडे भरणं चुकलेलं नसावं.

आमच्या उदाहरणात भागधारक सगळे घरचे, थकबाकी नाही, फायलिंग वेळच्या वेळी. दुप्पट म्हणजे १ कोटी. कॅश क्रेडिट आणि टर्म लोन मिळून बँकेची बाकी ९२ लाख. ट्रेनीने ‘सूट लागू’ असं लिहिलं. पण ताळेबंदात ‘इतर अल्पमुदतीची कर्जं’ या ओळीत १५ लाख होते, ओळखीच्या एका कंपनीकडून घेतलेले. अटीत ‘कोणतीही कॉर्पोरेट संस्था’ आहे, म्हणून तेही धरायचे. ९२ अधिक १५ म्हणजे १०७ लाख. सूट गेली. सही झाली असती तर कंपनीला ५ ते २५ लाख दंड, जबाबदार अधिकाऱ्यांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तेवढाच दंड, आणि जिच्यासाठी हमी दिली तिच्यावरही कारवाई. ज्या कंपनीला कॅरो, म्हणजे ऑडिट अहवालात काय काय लिहायचं ते ठरवणारा सरकारी आदेश, लागू आहे तिच्या ऑडिटरला कलम १८५ आणि कंपनीने द्यायच्या कर्ज-हमीवर मर्यादा घालणारं कलम १८६ यांचं पालन झालं की नाही हे अहवालात लिहावंच लागतं.

लेजरची बाजूही सोडायची नाही. कलमात ‘येण्याच्या रूपातलं कर्ज’ही आहे. संचालकाच्या फर्मला माल विकला, इतर गिऱ्हाइकांना ४५ दिवसांची उधारी आणि या एकाच खात्याची बाकी वर्षानुवर्षं तशीच, तर तो विक्रीचा पैसा राहिला की कर्ज झालं असा प्रश्न उभा राहतो. पण प्रत्येक येणं म्हणजे कर्ज नव्हे. कंपनीने संचालकाला फ्लॅट विकून उरलेली किंमत हप्त्यांनी घ्यायचं ठरवलं होतं, त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या कायद्याखाली ते कर्ज नाही असं ठरवलं. म्हणून करार बघा, हप्ते ठरल्याप्रमाणे आले का ते बघा, मगच मत द्या.

आता त्या फर्मचं काय झालं? तीन पर्याय मांडले. थोरल्या भावाने वैयक्तिक हमी आणि स्वतःचा फ्लॅट द्यावा, कंपनीला त्यात आणूच नये. किंवा फर्मची प्रायव्हेट कंपनी करून थोरल्या भावाने तिचे शेअर घ्यावेत आणि पोटकलम २ प्रमाणे विशेष ठराव करून ३० दिवसांत तो रजिस्ट्रारकडे नोंदवण्याचा एमजीटी-१४ फॉर्म भरावा. किंवा ते १५ लाख आधी फेडावेत, म्हणजे कर्ज ९२ लाखांवर येईल आणि सूट खरोखर लागू होईल. मला पहिला पर्याय सगळ्यांत स्वच्छ वाटतो, पण बँकेला गाळाच हवा होता, म्हणून तिसरा निवडला.

अशा वेळी फाईलमध्ये तारखांचा क्रम दिसला पाहिजे. १५ लाख परत गेल्याची बँक एंट्री, त्या कंपनीचं ‘बाकी शून्य’ असं पत्र, त्या दिवशीची कॅश क्रेडिटची बाकी, मग संचालक मंडळाची सभा, मग गॅरंटीवर सही, आणि गहाणखतानंतर ३० दिवसांत त्याचा बोजा नोंदवणारा सीएचजी-१ फॉर्म. कॅश क्रेडिट रोज हलतं, म्हणून सहीच्याच दिवसाचं स्टेटमेंट घ्या, महिनाअखेरचं चालणार नाही. १८५ मधून सुटलात तरी १८६ ची मर्यादा वेगळी मोजायची आणि सभेला हजर असलेल्या सगळ्या संचालकांची संमती इतिवृत्तात नोंदवून घ्यायची.