दर महिन्याला दहा ग्राहक: मार्केटिंग-सेल्स प्लॅन लिहिताना या चुका टाळा

मी पहिल्यांदा सेल्स प्लॅन लिहिला तेव्हा सहा महिन्यांत 60 ग्राहकांचं टार्गेट होतं. मी सहाने भागून प्रत्येक महिन्यासमोर 10 लिहिलं, खाली बजेट टाकलं आणि शीट पाठवून दिली. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी ग्राहक होते तीन, तेही ओळखीतून आलेले. मीटिंगमध्ये सगळे जाहिरातीच्या डिझाइनवर तुटून पडले. डिझाइन ठीकच होतं, शीट चुकली होती.

तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या बहुतेक प्लॅनमध्ये त्याच चार चुका दिसतात. छोट्या कंपन्यांना वार्षिक सबस्क्रिप्शनवर सॉफ्टवेअर विकणारा एक व्यवसाय घेऊन त्या दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे निघतील.

बजेटपासून सुरुवात करणं

"बजेट एवढं, म्हणजे क्लिक एवढे, म्हणजे ग्राहक एवढे" असं वरून खाली मोजलं की प्रत्येक पायरीवर थोडी आशा मिसळली जाते आणि शेवटी हवा तोच आकडा निघतो. हिशोब ग्राहकापासून उलटा करा. महिन्याला 10 ग्राहक हवेत आणि पाच डेमोंमागे एक विक्री होते, म्हणजे 50 डेमो लागतील. कामाच्या लीडपैकी निम्म्या डेमोपर्यंत येतात, म्हणजे अशा 100 लीड हव्यात. आलेल्या चौकशांपैकी 40 टक्के कामाच्या निघतात, म्हणजे एकूण 250 चौकशा. चौकशी ते ग्राहक हा प्रवास 4 टक्क्यांचा झाला.

इथे 'कामाची लीड' म्हणजे काय, ते एका वाक्यात प्लॅनमध्येच लिहून ठेवा. मार्केटिंगवाल्यांसाठी फॉर्म भरला की लीड. सेल्सवाल्यांसाठी फोनवर बोलणं झालं, गरज आहे आणि निर्णय घेणारा माणूस समोर आहे, तेव्हा लीड. व्याख्या एक नसेल तर महिनाअखेरीला दोघांचेही आकडे बरोबर असतात आणि भांडण मिटत नाही.

चौकशी आणि विक्री यांच्यामधला वेळ विसरणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्या उदाहरणात चौकशी आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत साधारण दोन महिने जातात. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत नव्या खर्चातून विक्री जवळपास शून्य, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या चौकशा या सहामाहीत धरताच येत नाहीत. 60 ग्राहकांसाठी 4 टक्क्यांनी 1,500 चौकशा लागतात आणि त्या सगळ्या पहिल्या चार महिन्यांत यायला हव्यात. म्हणजे महिन्याला 250 नव्हे, 375. बजेटही समान हप्त्यांत न वाटता पहिल्या चार महिन्यांत ओढावं लागतं.

हाच विलंब कन्व्हर्जनचा, म्हणजे चौकशीतून ग्राहक होण्याच्या दराचा, आकडाही फसवा करतो. समजा पहिल्या तीन महिन्यांत अनुक्रमे 100, 200 आणि 300 चौकशा आल्या. तिसऱ्या महिन्यात विक्री होते ती पहिल्या महिन्यातल्या 100 चौकशांमधून, म्हणजे 4. पण शीटमध्ये 4 भागिले 300 केलं की दिसतात 1.3 टक्के. लगेच कुणीतरी म्हणतं, लीडचा दर्जा घसरला, जाहिरात बंद करा. ती बंद होते आणि चौथ्या महिन्यात फक्त 50 चौकशा येतात. विक्री मात्र दुसऱ्या महिन्यातल्या 200 चौकशांची, म्हणजे 8. आता दर दिसतो 16 टक्के आणि जाहिरात बंद करणारा शहाणा ठरतो! प्रत्यक्षात दर पहिल्यापासून 4 टक्केच होता. सहाव्या महिन्यात विक्री 2 वर आली की सगळे बुचकळ्यात.

उपाय साधा आहे. प्रत्येक ग्राहकाची विक्री त्याची चौकशी ज्या महिन्यात आली त्या महिन्याच्या खात्यात मोजा. त्यासाठी शीटमध्ये चौकशीची तारीख आणि विक्रीची तारीख हे दोन रकाने पुरतात. ज्या महिन्याच्या चौकशांना अजून दोन महिने झालेले नाहीत, त्याचा कन्व्हर्जन दर लिहूच नका, जागा रिकामी ठेवा.

सगळ्या चॅनेलची सरासरी धरणं

आता हे 4 टक्के उघडून बघू. महिन्याच्या 250 चौकशांपैकी 200 सर्च जाहिरातींतून येतात आणि त्यांतून 4 ग्राहक मिळतात, म्हणजे 2 टक्के. उरलेल्या 50 जुन्या ग्राहकांच्या शिफारशीने येतात आणि त्यांतून 6 ग्राहक, म्हणजे 12 टक्के. जाहिरातीतली एक चौकशी 300 ला पडते, म्हणजे 60,000. शिफारस करणाऱ्याला प्रत्येक विक्रीमागे 2,000, म्हणजे 12,000. एकूण 72,000 मध्ये 10 ग्राहक, सरासरी 7,200 ला एक.

पण 250 वरून 375 वर जायला लागणाऱ्या वाढीव 125 चौकशा आणायच्या कुठून? शिफारशी पैसे ओतून दुप्पट होत नाहीत, त्या ग्राहकसंख्येबरोबर हळूहळू वाढतात. वाढ येणार ती जाहिरातीतूनच. म्हणजे 37,500 खर्चून मिळणार अडीच ग्राहक, एक ग्राहक 15,000 ला. तोही दर जुनाच राहिला तर. बजेट वाढवलं की जाहिरात कमी गरजू लोकांपर्यंतही जाऊ लागते आणि चौकशी बहुधा महागते. म्हणून महिन्याला 15 नव्हे, 12 ते 13 ग्राहक धरा. चार महिन्यांच्या चौकशांतून साधारण 50. टार्गेट 60 चं होतं, पण हे आकडे 50 सांगतात, आणि ही बातमी सहाव्या महिन्यापेक्षा आज कळलेली बरी. एक ग्राहक वर्षाला 15,000 पेक्षा कमी नफा देत असेल तर ती वाढीव जाहिरात करायची का, हाही प्रश्न आत्ताच विचारा.

विकणाऱ्या माणसाचे तास न मोजणं

सरासरीने धरलं तर 375 चौकशांमागे 75 डेमो. तयारी आणि फॉलो-अप धरून एका डेमोला अडीच तास लागत असतील तर 187.5 तास झाले. एका माणसाकडे महिन्याला 22 दिवस, रोज आठ तास, म्हणजे 176. आणि त्यात पहिले फोन, कोटेशन, रिपोर्ट धरलेलेच नाहीत. हे शीटमध्ये दिसत नाही, पण चौकशीनंतरचा पहिला फोन तिसऱ्या-चौथ्या दिवशी जायला लागतो आणि कामाच्या लीडचं प्रमाण गळतं. दोष मात्र जाहिरातीला. म्हणून चौकशा आहेत पण डेमो कमी असं दिसलं की आधी पहिल्या फोनला किती वेळ लागला ते बघा. डेमो भरपूर, विक्री नाही, असं असेल तर डेमोला निर्णय घेणारा बसला होता का ते तपासा, मग किमतीकडे जा.

महिन्याचे टप्पेही त्यानुसार लिहा. पहिल्या महिन्यासमोर विक्रीचा आकडा नको. चौकशा किती आणि पहिला फोन एका दिवसात गेला का, एवढंच. दुसऱ्यात डेमो. तिसऱ्यापासून विक्री, तीही पहिल्या महिन्याच्या चौकशांवर मोजलेली. शेजारच्या रकान्यात थांबण्याची अट: सर्च जाहिरातीच्या पहिल्या महिन्यातल्या चौकशांपैकी तिसरा महिना संपेपर्यंत 1 टक्काही ग्राहक झाले नाहीत, तर वाढीव 37,500 चौथ्या महिन्यात खर्चायचे नाहीत. आणि तो निर्णय कोण घेणार, त्याचं नाव त्याच ओळीत.